घुमट आरतीची क्लिप: फोन उभा की आडवा, आणि कातरताना किती चित्र हातचं जातं

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या घराघरांत एकच प्रसंग दोन कामांसाठी टिपला जातो. मुंबई-पुण्यातल्या किंवा आखातातल्या नातेवाइकांना टीव्हीवर लावून बघायला अख्खी आरती हवी असते, आणि स्टेटसला किंवा रीलला टाकायला त्यातलाच पाऊण मिनिटाचा तुकडाही हवा असतो. पहिल्याला आडवी चौकट लागते, दुसऱ्याला उभी. फोन हातात एकच असतो. मग बहुतेक जण आडवं घेतात आणि म्हणतात, उभं नंतर कातरून काढू. कातरता येतं हे खरं, पण त्याची किंमत किती आणि ती कुठे दिसते हे आरती सुरू होण्याआधी ठाऊक असेल तर काम सोपं होतं.

आधी हिशेब

आडव्या चौकटीचं प्रमाण १६:९, उभीचं ९:१६. आडव्या चित्राची पूर्ण उंची ठेवून त्यातून उभी पट्टी काढली की मूळ चित्राचा जेमतेम ३१.६ टक्के भाग उरतो. फोन महागडा असो की साधा, हा आकडा बदलत नाही, कारण तो प्रमाणातूनच येतो. दोन तृतीयांशापेक्षा जास्त चित्र बाजूला पडतं.

उरलेली पट्टी पुरते की नाही, हे मूळ रेकॉर्डिंगवर ठरतं. रील किंवा शॉर्टसाठी शेवटची फाईल साधारण १०८० × १९२० पिक्सेलची लागते. फोन ४के वर असेल तर आडवं चित्र ३८४० × २१६० असतं. त्यातली उभी पट्टी १२१५ × २१६० निघते, म्हणजे गरजेपेक्षा थोडी मोठी. ती लहान करून १०८० × १९२० केली की चित्र स्वच्छ राहतं. फोन फुल एचडीवर असेल तर आडवं चित्र १९२० × १०८० आणि त्यातली पट्टी केवळ ६०८ × १०८०. तिला १०८० रुंदीपर्यंत पावणेदोन पटींहून जास्त ताणावं लागतं. जे पिक्सेल टिपलेच गेले नाहीत ते अ‍ॅप शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतं, आणि चित्र मऊ, पुसट होतं.

हा मऊपणा ओळखायचा तर चेहऱ्याकडे पाहू नका. चेहरा थोडा मऊ झाला तरी डोळा तो चालवून घेतो. घुमट या मातीच्या तालवाद्याच्या तोंडावर कातडं ओढून बांधलेलं असतं, त्या कडेचे दोरीचे वेढे पाहा. चांगल्या क्लिपमध्ये ते वेगवेगळे मोजता येतात, ताणलेल्या क्लिपमध्ये त्यांचा एकच तपकिरी पट्टा होतो. गणपतीवर टांगलेल्या माटोळीतही तेच होतं. लहान फळं आणि बारीक पानं एकमेकांत मिसळून हिरवट गोळा दिसू लागतो.

तेव्हा पहिला नियम असा: आडव्यातून उभं काढायचा विचार असेल तर फोन ४के वर हवा. फुल एचडीत आडवं घेऊन उभं कातरणं म्हणजे काम आधीच बिघडवून ठेवणं. फाईल किती मोठी होते याची धास्ती असते, म्हणून आकडा सांगतो. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की हाय एफिशियन्सी फॉरमॅटमध्ये ३० फ्रेमच्या ४के ला मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात, फुल एचडीला ६०. वीस मिनिटांची आरती म्हणजे साधारण ३.४ जीबी. अँड्रॉइडवर आकडा मागेपुढे होतो, पण अंदाज घ्यायला एवढं पुरतं. तेवढी जागा सकाळीच मोकळी करून ठेवावी. जागा संपली की रेकॉर्डिंग मध्येच थांबतं, आणि नेमकं तेव्हा फोनकडे कुणाचं लक्ष नसतं.

"आडवं घेतलं की सगळं हाती राहतं" हा अर्धाच हिशेब

वरचा हिशेब उलटाही लागू पडतो, हे फारसं कुणी पाहत नाही. फोन उभा धरून ४के घेतलं तर चित्र २१६० × ३८४० असतं. त्याची पूर्ण रुंदी ठेवून मधून आडवी पट्टी काढली तर ती २१६० × १२१५ निघते. फुल एचडी टीव्हीला १९२० × १०८० लागतात, म्हणजे तीही पुरून थोडी उरते. पिक्सेलांच्या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच. आडवं घेऊन ठेवण्यात सुरक्षित असं वेगळं काही नाही.

फरक पडतो तो जवळ जाण्यात. उभ्या ४के मधून उभीच क्लिप करायची असेल तर तुमच्याकडे गरजेच्या दुप्पट रुंदी आणि दुप्पट उंची असते. घुमटावरची बोटं नीट दिसावीत म्हणून एडिटिंगमध्ये दुप्पट झूम केलात तरी चित्र ताणलं जात नाही. आडव्या ४के मधून काढलेल्या उभ्या पट्टीत झूमची सवलत अवघी साडेबारा टक्के. दीडपट झूम केलात की खिडकी ८१० × १४४० ची होते आणि चित्र १.३३ पट ताणावं लागतं. साधारण सहा-साडेसहा इंची स्क्रीनवर १.२ पटींपर्यंतचं ताणणं सहसा कळत नाही. १.३ च्या पुढे कळू लागतं, आणि अंधाऱ्या खोलीत त्याच्याही आधी, कारण तिथे मूळ चित्रातच दाणे असतात आणि तेही सोबत मोठे होतात.

म्हणून निवड अशी करावी. क्लिप फोनवरच बघितली जाणार असेल तर सरळ उभं घ्यावं, ४के वर. अख्खी आरती टीव्हीसाठी मुख्य असेल आणि क्लिप त्यातून सुचेल तशी काढायची असेल तर आडवं ४के. दोन्ही सारखीच महत्त्वाची असतील तर घरातला दुसरा फोन मागून घ्यावा. एक आडवा स्टँडवर, एक उभा हातात. सुरुवातीला दोन्ही फोनांसमोर एकदा जोरात टाळी वाजवावी म्हणजे नंतर आवाज जुळवता येतो. कातरण्याची सगळी कसरत करण्यापेक्षा हा मार्ग कधीही बरा.

झाकली जाणारी जागा

उभ्या व्हिडिओत १०८० × १९२० ची जागा दिसते तेवढी सगळी तुमची नसते. खाली खात्याचं नाव, मजकूर आणि गाण्याची पट्टी येते. उजवीकडे खालच्या अर्ध्या भागात लाइक, कमेंट, शेअरची बटणं. वर अ‍ॅपचं नाव आणि कॅमेऱ्याचं चिन्ह. मेटा आपल्या रील-जाहिरातदारांना वरचे सुमारे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के मजकुरापासून मोकळे ठेवायला सांगतं. पिक्सेलांत हे वरून २७०, खालून ६७० आणि बाजूंनी ६५ होतात. साध्या रीलला हेच माप धरलं तर थोडं सैल पडतं, पण चुकत नाही. शॉर्टमध्ये उजवी बाजू जास्त झाकली जाते, म्हणून तिथे आणखी थोडी जागा सोडावी.

आकडे पाठ करायची गरज नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली ग्रिड सुरू करा. तिच्या आडव्या रेषा उंचीचे तीन समान भाग करतात, म्हणजे १९२० च्या मापात ६४० आणि १२८० वर येतात. झाकला जाणारा तळ साधारण १२५० पासून सुरू होतो. म्हणजे ग्रिडची खालची रेषा हीच जवळजवळ मजकुराची वरची कड. डोळे वरच्या रेषेच्या आसपास आणि हात खालच्या रेषेच्या वर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

अ‍ॅपची मांडणी अधूनमधून बदलते, फोनची स्क्रीनही कमीजास्त लांब असते. म्हणून एकदा स्वतः पडताळून घ्यावं. दुसऱ्या कुणाची दोन ओळींचा मजकूर असलेली रील उघडून स्क्रीनशॉट घ्या. एडिटिंग अ‍ॅपमध्ये तो आपल्या क्लिपवर दुसऱ्या थरात ठेवा, त्याची रुंदी क्लिपच्या रुंदीला जुळवा, पारदर्शकता पन्नास टक्के करा. बटणं आणि मजकूर नेमके कशावर पडतात ते लगेच दिसतं. फाईल काढण्याआधी हा थर काढून टाकायला मात्र विसरू नका.

आणखी एक कातर आपल्या नकळत बसते. फीड खाली सरकवताना रील बऱ्याचदा ४:५ मध्ये दिसते, म्हणजे वरून आणि खालून प्रत्येकी २८५ पिक्सेल गायब. प्रोफाइलच्या पानावर २०२५ पासून चौकोनाऐवजी ३:४ ची चौकट आली आहे, तिथे वरून-खालून २४०-२४० जातात. म्हणून वाडीचं किंवा पथकाचं नाव लिहायचं असेल तर ते वरून २८५ च्या खाली आणि १२५० च्या वर बसवावं. अगदी वरच्या कडेला लिहिलेलं नाव पूर्ण स्क्रीनवर छान दिसतं आणि फीडमध्ये अर्धं कापलेलं.

घुमट वाजवणारा चौकटीत कसा बसवायचा

आता प्रत्यक्ष खोलीत येऊ. समजा उभं राहून आरती चालली आहे. घुमट गळ्यातल्या दोरीने कमरेसमोर लटकलेलं आहे. एक हात कातड्यावर थाप देतो, दुसऱ्या हाताचा तळवा मागच्या लहान तोंडावर असतो. ते तोंड उघडझाप करूनच आवाज खोल आणि मोकळा होतो. म्हणजे एक हात चौकटीबाहेर गेला तर वादनाचं अर्धं मर्म गेलं. क्लिपमध्ये तीन गोष्टी हव्यात: चेहरा, थापेचा हात, मागचा हात.

डोळ्यांपासून घुमटाच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण ८० सेंटिमीटर असतं. हे अंतर ग्रिडच्या दोन रेषांमध्ये बसवायचं आहे, म्हणजे उंचीच्या एक तृतीयांशात. त्यासाठी अख्खी चौकट सुमारे २४० सेंटिमीटर उंचीची हवी. बहुतेक फोनांच्या मुख्य लेन्सला, व्हिडिओत, समोरच्या अंतराच्या साधारण १.२ पट लांबीचं दृश्य मिळतं. म्हणून उभा फोन धरून दोन मीटरवर उभं राहिलं की माप जुळतं. रुंदी सव्वा ते दीड मीटर मिळते, तीत एक वाजवणारा कोपरांसकट ऐसपैस बसतो आणि शेजारच्याचा खांदा येतो. पाय चौकटीत येतात, पण ते मजकुराखाली जातात. तिथे दुसरं काही नसलेलंच बरं.

तुमच्या फोनचा गुणक १.२ आहे की थोडा वेगळा, हे आदल्या दिवशी पाहून ठेवा. भिंतीवर मोजपट्टी उभी धरायला सांगा, दोन मीटरवरून व्हिडिओ मोडमध्ये उभा फोन धरा आणि वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत किती सेंटिमीटर दिसतात ते वाचा. फोटो मोडमध्ये हे माप घेऊ नका. व्हिडिओत हात थरथरल्याची भरपाई करायला फोन चित्राच्या कडा राखून ठेवतो, म्हणून दृश्य फोटोपेक्षा अरुंद असतं. चालत टिपण्यासाठी जे जास्त स्थिर करणारे मोड असतात त्यांत ते आणखी अरुंद होतं, आणि अनेक फोनांत रिझोल्यूशनही गुपचूप ४के वरून खाली येतं. फोन स्टँडवर असेल तर असा मोड बंदच ठेवावा.

फोन किती उंचीवर धरता हेही बघा. वाजवणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर धरला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. डोक्यावर हात करून वरून घेतलं तर घुमट लहान आणि डोकं मोठं दिसतं. गर्दीत मागून टिपताना नेमकं हेच होतं.

माटोळीची गोष्ट वेगळी. ती गणपतीच्या वर छताजवळ टांगलेली, म्हणजे दोन मीटरवरून घेतलेल्या चौकटीत ती अगदी वरच्या पट्टीत येते आणि अ‍ॅपच्या चिन्हांखाली जाते. वाजवणारा आणि माटोळी एकाच शॉटमध्ये नीट दाखवायच्या हट्टाला पेटू नये. तीन मीटर मागे जाऊन, उभ्या चौकटीत माटोळी वरून एक पंचमांशाच्या खाली आणि मूर्ती मधोमध येईल असा पाच-सहा सेकंदांचा वेगळा शॉट घ्यावा. उभी चौकट खऱ्या अर्थाने शोभते ती इथे. वर माटोळी, मध्ये मूर्ती, खाली समया, हा क्रमच मुळात उभा आहे. आडव्या चौकटीत त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी भिंत येते.

आडवं घ्यायचंच असेल तर

आडव्या चौकटीतली सोय अशी की ग्रिडचा मधला उभा पट्टा रुंदीच्या ३३.३ टक्के असतो आणि उभी कातर ३१.६ टक्के. म्हणजे दोन उभ्या रेषांच्या मधली जागा हीच तुमची भावी रील. वेगळं अ‍ॅप किंवा काचेवर टेप लावायची गरज नाही. मुख्य आरती म्हणणारा किंवा पुढचा घुमटवादक त्या पट्ट्यात उभा राहील असा स्टँड लावा. रेषांना अगदी चिकटवू नका. कातर पट्ट्यापेक्षा किंचित अरुंद असते.

खरी चूक उंचीत होते. पाच जणांचं पथक आडव्या चौकटीत छान दिसावं म्हणून आपण दोन मीटरवर येतो आणि डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत भरगच्च घेतो. टीव्हीवर ते उत्तम दिसतं. त्या चौकटीची उंची मात्र साधारण १३५ सेंटिमीटरच असते. डोळे वरून २५ सेंटिमीटरवर असतील तर घुमटाची खालची कड १०५ वर, म्हणजे ७८ टक्क्यांवर जाते. उभी पट्टी कातरली की थापेचा हात मजकुराखाली. चित्र जिथे संपतं त्याच्या पलीकडचं काही आणता येत नाही, म्हणून ही चूक एडिटिंगमध्ये सुधारत नाही.

तेच तीन मीटरवर गेलात तर आडव्या चौकटीत ३.६ मीटर रुंदी आणि सुमारे दोन मीटर उंची मिळते. माणसं पायांपर्यंत दिसतात, डोळे वरून २२ टक्क्यांवर आणि घुमटाची कड ६० टक्क्यांच्या आसपास. कातरल्यावर सगळं मोकळ्या जागेत राहतं. टीव्हीवर चौकट थोडी सैल वाटेल, पण त्या सैलपणातूनच रील निघते. तीन मीटर मागे जायला जागा नसेल तर अल्ट्रावाइड लेन्सचा मोह होतो. ती बहुतेक फोनांत मुख्य लेन्सपेक्षा कमी प्रकाश घेते आणि रात्रीच्या आरतीत दाणे वाढवते. त्याऐवजी दारात उभं राहून घ्यावं.

रेकॉर्डिंग चालू असताना दोन बोटांनी झूम करू नये. दोन लेन्सच्या मधल्या कुठल्याही आकड्यावर फोन स्वतःच चित्र कातरत असतो. म्हणजे एकदा फोनने कातरलं आणि नंतर पुन्हा तुम्ही.

एक क्लिप पूर्ण करून पाहू

समजा `aarti.mp4` ही ३८४० × २१६० ची आडवी फाईल आहे, आणि १२ मिनिटं ४० सेकंदांपासून पुढचे ४५ सेकंद हवेत. घुमटवादक मधोमध नाही. एखादी फ्रेम थांबवून पाहिलं तर त्याच्या छातीचा मध्य डावीकडून २४५० पिक्सेलवर आहे. खिडकीची रुंदी १२१५ निघते, पण व्हिडिओच्या रंगांच्या साठवणीला सम आकडे लागतात, म्हणून १२१४ घ्यावी. खिडकीची डावी कड म्हणजे २४५० वजा ६०७, उत्तर १८४३, सम करून १८४२. संगणकावर एफएफएमपेग असेल तर एवढं पुरतं:

```
ffmpeg -ss 00:12:40 -i aarti.mp4 -t 45 \
 -vf "crop=1214:2160:1842:0,scale=1080:1920" \
 -c:v libx264 -crf 18 -c:a copy reel.mp4
```

`crop` मधले चार आकडे क्रमाने रुंदी, उंची, डावी कड आणि वरची कड. डावी कड २६२६ च्या पुढे गेली तर खिडकी चित्राच्या बाहेर पडते.

फोनवरच्या अ‍ॅपमध्ये करायचं तर आधी प्रोजेक्टचं प्रमाण ९:१६ करा आणि मग क्लिप उंचीला भरेल इतकी मोठी करा, त्याहून मोठी नको. आधी आडव्या प्रोजेक्टमध्ये फुल एचडी फाईल काढून मग तिच्यातून उभं करणाऱ्यांचे ४के चे सगळे पिक्सेल पहिल्याच फेरीत संपलेले असतात. दाविंची रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन १०८० × १९२० करून इनपुट स्केलिंगमध्ये `Scale full frame with crop` निवडावं. त्यानंतर झूमचा आकडा १.१२५ च्या वर नेऊ नये.

गायकाकडून घुमटवादकाकडे जायचं असेल तर खिडकी सरकवत नेण्यापेक्षा सरळ कट द्यावा. स्थिर फोनवर घेतलेल्या चित्रात खिडकी सरकली की भिंतीकडे पाहण्याचा कोन बदलत नाही, नुसतं चित्र घसरतं, आणि डोळ्याला ते खटकतं. कट आरतीच्या ओळीच्या शेवटी, थापेवर द्यावा.

सगळंच पथक दाखवायचं असेल आणि कातर कुणालातरी बाहेर टाकत असेल तर ४:५ किंवा चौकोन करून पाहा. ४के आडव्यातून चौकोन २१६० × २१६० निघतो आणि रुंदीचा ५६ टक्के भाग राखतो, म्हणजे पाचातले तीन जण. वर-खाली उरलेल्या जागेत एक गडद रंग पुरेसा आहे. पूर्ण आडवं चित्र उभ्या स्क्रीनवर मधोमध ठेवून वर-खाली त्याचंच धूसर रूप भरायची पद्धत आहे. त्यात खरं चित्र केवळ १०८० × ६०७ चं राहतं, माणसं बोटाएवढी. शिगम्यातल्या रोमटामेळाची लांब रांग दाखवायला ते चालतं, कारण तिथे रांग हाच विषय असतो. एका वाजवणाऱ्यासाठी ते वाया जातं. जत्रेतल्या नाटकाचा रंगमंच असाच रुंद. दोन पात्रं दोन टोकांना उभी राहून बोलत असतील तर कुठलीही उभी कातर एकाला गिळतेच, तिथे चौकोन किंवा सरळ आडवंच ठेवावं.

फाईल पाठवताना होणारी हानी

कातरण्याइतकंच नुकसान व्हॉट्सअ‍ॅपवर होतं. चुलतभावाने आडवी क्लिप साध्या व्हिडिओसारखी पाठवली की ती बहुधा ४८० किंवा ७२० उंचीची होऊन येते. ४८० उंचीच्या चित्रातून उभी पट्टी काढली तर ती जेमतेम २७० पिक्सेल रुंद, म्हणजे चारपट ताणावी लागते. ती फाईल कशीही सजवली तरी सुधारत नाही. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मर्यादा २ जीबीची आहे, त्यामुळे वीस मिनिटांची ४के आरती त्यात मावत नाही. हवा तो तुकडा आधी गॅलरीत कापून घ्यावा, किंवा केबलने उतरवावी.

आलेली फाईल हातात पडताच तपशील उघडून रिझोल्यूशन बघायची सवय लावा. आयफोनवर व्हिडिओखालचं `i` दाबून आणि अँड्रॉइडवर गॅलरीत तपशील उघडून ते दिसतं. ३८४० × २१६० नसेल तर पुढचा हिशेब आधी करून मग कातरायला बसा.

कधीकधी फाईल आडवी पडून येते, माणसं कुशीवर झोपलेली. हा प्रकार वेगळा. रेकॉर्डिंग सुरू होतं त्या क्षणी फोन कसा धरलाय हे फोन फाईलमध्ये लिहून ठेवतो आणि मध्ये फोन वळवला तरी ते बदलत नाही. जमिनीवरची रांगोळी किंवा केळीच्या पानावरचा नैवेद्य वरून घेताना फोन आडवा झोपलेला असतो, त्याला उभं-आडवं कळत नाही आणि तो चुकीचं लिहितो. अशी क्लिप अ‍ॅपमध्ये नव्वद अंशांत फिरवली की काम झालं. फिरवल्याने एकही पिक्सेल कातरला जात नाही. हे टाळायचं तर फोन आधी सरळ उभा धरून, स्क्रीनवरची चिन्हं उभी झालेली पाहून, रेकॉर्ड दाबावं आणि मगच तो खाली झुकवावा.